दोन भाऊ आणि एक उधारीची वही : तरतूद केली तर नफा किती, राइट ऑफ केलं तर किती

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पशुखाद्य आणि कोंबडीखाद्याचं घाऊक दुकान आहे. दोन सख्खे भाऊ निम्म्या-निम्म्या भागीदारीत ते चालवत होते. थोरल्यांना सगळे अण्णा म्हणतात, धाकट्यांना तात्या. हिशेब मी बघत होतो. ३१ मार्च २०२० ला तात्या भागीदारीतून बाहेर पडणार आणि १ एप्रिलपासून त्यांच्या जागी अण्णांचा मुलगा येणार, हे दिवाळीतच ठरलं होतं. त्या शेवटच्या दिवसाचा ताळेबंद तयार करायचा आणि त्यावरून तात्यांचा हिस्सा काढून द्यायचा, एवढंच काम होतं. ओळख पटू नये म्हणून इथे आकडे गोल केले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तसंच ठेवलं आहे.

नेमके त्याआधीच्या दोन महिन्यांत पोल्ट्रीवाले कोसळले. चिकन खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा फेब्रुवारी २०२० पासून पसरली आणि जिवंत कोंबडीचा भाव उत्पादन खर्चाच्या खूप खाली गेला. २५ मार्चला देशभर लॉकडाऊन लागला. आमच्या दुकानातून उधारीवर खाद्य नेणारे शेडवाले करार पद्धतीचे नव्हते. करारात पिल्लं आणि खाद्य कंपनी देते, शेतकऱ्याला पाळण्याचे पैसे मिळतात. आमचे गिऱ्हाईक स्वतःच्या पैशाने पिल्लं टाकणारे होते. पिल्लं टाकल्यापासून सहा-साडेसहा आठवड्यांनी बॅच निघते, ती विकली की खाद्याचं बिल भागतं. बॅच मातीमोल गेली की आमचं बिल भागवायला त्यांच्याकडे दुसरं काही नसतं.

जुलैमध्ये हिशेब घेऊन बसलो तेव्हा वर्षाचा नफा, येण्यांचा काहीही विचार करण्याआधी, ९,३०,००० रुपये दिसत होता. भागीदारांचा पगार त्यातून आधीच वजा होता, आयकर मात्र अजून धरलेला नव्हता. येणी ४२,८०,००० रुपयांची होती. आता या येण्यांपैकी किती खरी धरायची, यावर दोघा भावांचं जमेना. अण्णा म्हणाले, "पोल्ट्रीचे सोळा लाख बुडाल्यातच जमा धरा, आणि सगळे राइट ऑफ करून मोकळे व्हा. टॅक्स पण वाचेल." तात्यांचं म्हणणं उलट होतं. "अण्णा, वीस-वीस वर्षांची गिऱ्हाइकं आहेत. आज नाही तर उद्या देतील. काहीच बुडालेलं नाही."

दोघेही मनापासून बोलत होते. पण दोघांच्याही बोलण्यात स्वतःचा फायदा दडलेला होता आणि त्याची जाणीव दोघांनाही नव्हती. ती करून द्यायची तर आधी राइट ऑफ आणि तरतूद या दोन नोंदी वेगळ्या करून दाखवायला हव्या होत्या.

आधी राइट ऑफ. येणं बुडालं हे नक्की झालं की बुडीत कर्ज खाते नावे आणि त्या गिऱ्हाइकाचं खाते जमा. गिऱ्हाइकाच्या खात्यावरची बाकी शून्य होते आणि रक्कम खर्च म्हणून नफा-तोटा खात्यात जाते. वहीत असं एक नाव आधीच होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका गोठेवाल्याचे ४०,००० रुपये बुडीत टाकले होते. ही नोंद वर्षाच्या मधेच झालेली असल्यामुळे ४२,८०,००० च्या आकड्यातून ती आधीच वजा झालेली होती. इथे नवशिके हटकून चुकतात. तेरीज पत्रकात, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांच्या यादीत, बुडीत कर्ज दिसलं की ते येण्यांमधून पुन्हा एकदा वजा करतात, आणि येणी विनाकारण चाळीस हजारांनी कमी दिसतात. तेरजेत आलेलं बुडीत कर्ज फक्त नफा-तोटा खात्यात न्यायचं, येण्यांना पुन्हा हात लावायचा नाही.

दुसरं नाव मात्र अजून वहीत जिवंत होतं. हा शेडवाला अफवेच्या आधीच, जानेवारीत जमीन विकून गाव सोडून गेला होता. त्याचा चेक परत आला होता, फोन बंद होता, घराला कुलूप होतं. १,८०,००० रुपये. इथे अंदाज करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, म्हणून ३१ मार्चच्या तारखेला ती रक्कम राइट ऑफ केली. येणी ४२,८०,००० वरून ४१,००,००० वर आली. वर्षाचं बुडीत कर्ज एकूण २,२०,००० झालं. इथपर्यंत दोघे भाऊ एकमताने माझ्याबरोबर होते.

राहिलेल्या ४१ लाखांमध्ये नाव घेऊन "हा बुडाला" असं कुणालाच म्हणता येत नव्हतं, आणि तरीही सगळे येतील असं छातीठोक सांगायलाही कुणी तयार नव्हतं. तरतूद असते ती या मधल्या जागेसाठी. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला संशयित बुडीत कर्ज निधी म्हणतात, ऑफिसात आर.डी.डी. म्हणतात. "निधी" या शब्दाने घोटाळा होतो हे मी अनेकदा पाहिलं आहे. तात्यांनीही विचारलं, "हा निधी कुठल्या बँकेत ठेवलाय?" कुठेच नाही. एक रुपयाही बाजूला काढलेला नसतो. नफा-तोटा खाते नावे, तरतूद खाते जमा, एवढीच नोंद असते. गिऱ्हाइकाच्या खात्याला हात लागत नाही. ताळेबंदात येणी पूर्ण ४१ लाख दाखवायची आणि त्याखाली तरतूद वजा करायची.

गिऱ्हाइकाच्या खात्याला हात लागत नाही, हे फक्त नियम म्हणून सांगत नाही. दुकानातल्या मुलाने पहिल्यांदा टॅलीत नोंद टाकली तेव्हा तरतुदीची रक्कम थेट एका मोठ्या शेडवाल्याच्या खात्यावर जमा केली होती. खातेउतारा काढला तर सहा लाखांच्या जागी तीन लाख बाकी. तो उतारा तसाच व्हॉट्सॲपवर गेला असता, तर समोरच्याच्या हातात आमच्या दुकानाचं, आमच्याच सॉफ्टवेअरमधून निघालेलं पत्र असतं की तुमचं देणं तीनच लाख आहे. उतारा पाठवण्याआधी मी बाक्यांची यादी जुळवून पाहिली म्हणून ते लक्षात आलं. तरतूद ही आपली आपल्यापाशी केलेली कबुली असते, ती गिऱ्हाइकाला कधीही दिसता कामा नये.

आता किती धरायची? सगळ्या येण्यांवर सरसकट पाच टक्के लावायची पद्धत सोपी आहे आणि परीक्षेत तीच येते. पण आमच्या वहीत दोन अगदी वेगळी जगं होती. गोठेवाल्यांकडे २५,००,००० रुपये होते. त्यांचं दुधाचं बिल दर दहा दिवसांनी होतं आणि खाद्याचे पैसे त्यातून येत राहतात. आधीच्या वर्षांचा अनुभव पाहून तिथे दोन टक्के, म्हणजे ५०,००० धरले.

पोल्ट्रीच्या १६ लाखांत ६,००,००० एकाच मोठ्या शेडवाल्याकडे होते आणि १०,००,००० दहा-अकरा लहान शेडवाल्यांकडे. आम्ही जुलैत बसलो होतो हे इथे कामाला आलं. ताळेबंद ३१ मार्चचा असला, तरी तो पक्का करेपर्यंत जे कळतं, आणि जे ३१ मार्चला असलेल्याच परिस्थितीवर प्रकाश टाकतं, ते विचारात घ्यायचं असतं. लेखा मानक ४ यावरच आहे. भाव मार्चच्या आधीच पडले होते, म्हणजे आजार त्या तारखेला होताच, जूनमध्ये तो किती खोल गेलाय एवढंच कळलं. लहान शेडवाल्यांकडून जूनअखेर दोन लाख आले होते आणि बहुतेकांनी पुन्हा पिल्लं टाकली होती. त्यांच्यावर पंधरा टक्के, १,५०,०००. मोठ्याने मात्र शेड रिकामी ठेवली होती. बँकेचं कर्जही त्याच्या डोक्यावर होतं. तो फोन उचलत होता, घरी गेलं की चहा देत होता, पण तारीख देत नव्हता. त्याच्यावर निम्मे, ३,००,०००. एकूण तरतूद ५,००,०००.

आदल्या वर्षाची ६०,००० ची तरतूद वहीत होतीच. नफ्यावर पूर्ण पाच लाखांचा बोजा पडत नाही, फक्त वाढ पडते, म्हणजे ४,४०,०००. बुडीत कर्ज २,२०,००० अधिक नवी तरतूद ५,००,००० वजा जुनी तरतूद ६०,०००, असे ६,६०,००० नफा-तोटा खात्याला. ९,३०,००० चा नफा २,७०,००० वर आला. तात्यांचा निम्मा हिस्सा १,३५,०००.

मग मी दोघांच्या म्हणण्याप्रमाणे हिशेब करून दाखवला. तात्यांचं ऐकलं, जुनी साठ हजारांची तरतूद तशीच ठेवली आणि नवी काही केली नाही, तर फक्त २,२०,००० वजा होऊन नफा ७,१०,००० होतो. तात्यांना ३,५५,००० मिळतात. पुढे शेडवाले जितके बुडतील तेवढा सगळा तोटा अण्णा आणि त्यांच्या मुलाच्या माथी, जरी माल तात्यांच्या काळात गेलेला असला तरी. अण्णांचं ऐकलं आणि सोळा लाख राइट ऑफ केले, तर ८,९०,००० चा तोटा होतो आणि तात्यांच्या भांडवलातून ४,४५,००० कापले जातात. मग पुढच्या वर्षी त्यातले जे काही वसूल होईल ते सगळं नव्या भागीदारीचं उत्पन्न. म्हणजे तात्यांनी ज्याचा तोटा सोसला, त्याच पैशांत त्यांना वाटा नाही. तात्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. अण्णा म्हणाले, "माझ्या मनात तसं नव्हतं हो." मला ते पटलं. टॅक्स वाचेल एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

त्या टॅक्सचंही सांगायला हवं, कारण बहुतेक दुकानदार इथेच अडकतात. या वर्षांना आयकर कायदा १९६१ लागू होता. त्याच्या कलम ३६(१)(७) प्रमाणे बुडीत कर्जाची वजावट मिळते ती ज्या वर्षी ते वहीत राइट ऑफ केलं त्या वर्षी, आणि ती रक्कम आधी कधीतरी उत्पन्नात धरलेली असली पाहिजे. उधार विक्री झाली तेव्हा ती उत्पन्नात आलीच होती, त्यामुळे ती अट पुरी होती. तरतुदीची वजावट मात्र मिळत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून २,७०,००० च्या नफ्यात तरतुदीतली वाढ ४,४०,००० परत मिळवायची. येतात ७,१०,०००. बघा, तात्यांच्या पद्धतीने जो नफा येत होता तोच हा आकडा. तरतूद केल्याने सरकारला द्यायचा कर एक रुपयाने कमी-जास्त झाला नाही. बदलली ती फक्त भावाभावांतली वाटणी.

सोळा लाख राइट ऑफ केले असते तर कर खरंच वाचला असता का? १ एप्रिल १९८९ पासून कर्ज खरोखर बुडालं हे सिद्ध करावं लागत नाही, वहीत राइट ऑफ केलं की पुरे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली टीआरएफ लिमिटेडच्या प्रकरणात तेच सांगितलं. हे अण्णांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. पण सिद्ध करावं लागत नाही याचा अर्थ खोटं लिहायला मुभा आहे असा होत नाही. जूनमध्ये ज्यांनी दोन लाख दिले आणि जे रोज दुकानात येऊन पोती उचलत होते, त्यांच्या खात्यावर "वसूल होणार नाही" असं मी लिहू शकत नव्हतो. शिवाय पुढे वसूल झालं की कलम ४१(४) प्रमाणे त्या वर्षी ते करपात्र होतंच. कर वाचत नाही, पुढे ढकलला जातो.

जीएसटीचा प्रश्न इथे आला नाही, कारण पशुखाद्य आणि कोंबडीखाद्य करमुक्त आहे. सिमेंट किंवा पंपाच्या दुकानात बिलाबरोबर भरलेला जीएसटीही गिऱ्हाइकाबरोबर बुडतो, आणि केवळ पैसे आले नाहीत म्हणून तो सरकारकडून परत मागता येत नाही.

तात्यांनी शेवटी एक रास्त मुद्दा काढला. "पाच लाख हा तुमचा अंदाज. तो जास्त निघाला तर?" म्हणून निवृत्तीच्या करारात एक कलम घातलं. ३१ मार्च २०२० च्या या ४१ लाखांचं ३१ मार्च २०२१ पर्यंत प्रत्यक्ष काय झालं ते पाहायचं, आणि पाच लाखांपेक्षा कमी-जास्त बुडालं तर निम्मा फरक एकमेकांना द्यायचा. तरतुदीत हे करता येतं, कारण तरतूद मुळातच दुरुस्तीला मोकळी असते.

पुढचं वर्ष असं गेलं. भाव सावरले तसे लहान शेडवाले एकेक करून देत गेले. जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लूच्या बातम्यांनी पुन्हा धडकी भरली, पण तोवर जुन्या बाक्या बहुतेक भागल्या होत्या. एकाने शेड बंद केली, त्याचे ७०,००० बुडाले. मोठ्या शेडवाल्याने हप्त्याहप्त्याने २,६०,००० दिले आणि मग थांबला. राहिलेले ३,४०,००० मार्च २०२१ मध्ये राइट ऑफ केले. गोठ्यांमधले २०,००० गेले. एकूण बुडीत ४,३०,०००.

वर्षअखेर नवी येणी ३७,००,००० होती. गोठे २९ लाख, दोन टक्क्यांनी ५८,०००. पोल्ट्री ८ लाख, दहा टक्क्यांनी ८०,०००. नवी तरतूद १,३८,०००.

अण्णांच्या मुलाला धसका बसला होता. चार लाख तीस हजार बुडाले म्हणजे या वर्षीचा नफा साफ झाला असं तो धरून चालला होता. येण्यांआधीचा नफा ६,४०,००० होता. पण त्यातून वजा झाले ते ४,३०,००० अधिक १,३८,००० वजा आधीची तरतूद ५,००,०००, म्हणजे फक्त ६८,०००. नफा ५,७२,००० राहिला. ज्या तोट्याचं ओझं आदल्या वर्षीने उचललं होतं, त्याने या वर्षी पुन्हा नफ्याला हात लावला नाही. राइट ऑफ केलं त्या दिवशी गिऱ्हाइकाची बाकी गेली, पण नफा तेव्हा गेला नाही. तो आदल्या मार्चमध्येच गेला होता.

तरतूद न करता गेलो असतो तर? पहिल्या वर्षी ७,१०,००० आणि दुसऱ्या वर्षी सगळे ४,३०,००० अंगावर येऊन २,१०,०००. दोन वर्षांची बेरीज ९,२०,०००. तरतूद केल्यावर २,७०,००० आणि ५,७२,०००, बेरीज ८,४२,०००. फरक ७८,००० चा, आणि हे अठ्ठ्याहत्तर हजार कुठे हरवलेले नाहीत. ते वहीत उभे आहेत : शेवटची तरतूद १,३८,०००, सुरुवातीची ६०,०००, यांच्यातला तो फरक. म्हणून तरतूद बरोबर बसली की नाही हे तपासायचं असेल तर मी दोन-तीन वर्षांची बेरीज करून पाहतो. फरक दोन तरतुदींच्या फरकाशी जुळला नाही, तर कुठेतरी तोटा दोनदा धरलेला असतो किंवा एकदाही नाही. सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे जुनी तरतूद वजा करायची राहून जाणं.

करातही तीच कथा उलटी फिरली. ५,७२,००० मधून तरतुदीतली घट ३,६२,००० वजा केली की करासाठीचा नफा २,१०,०००. राइट ऑफची वजावट त्या वर्षी पूर्ण मिळाली.

अंदाज पाच लाखांचा, प्रत्यक्ष बुडाले चार लाख तीस हजार. कराराप्रमाणे सत्तर हजारांचे निम्मे, ३५,००० रुपये, अण्णा आणि त्यांच्या मुलाच्या भांडवल खात्यातून तात्यांना गेले.

मोठ्या शेडवाल्याचं नाव वहीतून गेलं होतं, पण त्याचं देणं गेलं नव्हतं. राइट ऑफ ही माफी नाही. ती आपल्या वहीतली नोंद आहे, समोरच्याला त्याने काहीही मिळत नाही, आणि दाव्याची मुदत असेपर्यंत मागण्याचा हक्क राहतो. बँकांनी राइट ऑफ केलेल्या कर्जांच्या बातम्या वाचून लोक संतापतात तेव्हा पुष्कळदा हाच गोंधळ असतो. आम्ही दावा केला नाही, मात्र दर दोन-तीन महिन्यांनी त्याच्या घरी जाणं सुरू ठेवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो स्वतः दुकानात आला, शेड भाड्याने दिली म्हणाला, आणि ५०,००० रुपये मोजून ठेवले.

दुकानातल्या मुलाने ते त्याच्या जुन्या खात्यावर जमा केले. खात्यावर बाकी शून्य होती, त्यामुळे पन्नास हजारांची जमा बाकी दिसू लागली, जणू आम्हीच त्याचं देणं लागतो. अशा रकमेचं खातं वेगळं असतं : रोख खाते नावे, बुडीत कर्ज वसुली खाते जमा, आणि ती त्या वर्षीचं उत्पन्न म्हणून नफ्यात. ती नोंद दुरुस्त करत असताना अण्णा गप्प होते. मग म्हणाले, "हे पैसे तर तात्याच्या वेळच्या मालाचे."

बरोबर होतं. त्या तीन लाख चाळीस हजारांचा निम्मा तोटा तात्यांनी सोसला होता, आणि करारातली मुदत मार्च २०२१ ला संपली होती. त्यानंतर काही वसूल झालं तर काय, हे मी लिहिलंच नव्हतं. अण्णांनी त्याच दिवशी २५,००० तात्यांच्या खात्यावर पाठवले, आणि त्यानंतर केलेल्या प्रत्येक निवृत्तीच्या करारात मी ते कलम घालतो.